म्हण ज्या तोंडातून येते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण इथे जळगावात जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी मराठी शिकले. ते वर्गात एक प्रश्न हमखास विचारायचे. फळ्यावर 'बैल गेला आणि झोपा केला' असं लिहायचे आणि म्हणायचे, "झोपा म्हणजे काय?" निम्मा वर्ग सांगायचा, झोप. बैल चोरीला गेला आणि मालक झोपून राहिला. गुरुजी खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "बैल गेल्यावर कोणाला झोप लागते रे?"

हा प्रश्न माझ्या पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात ठरला. झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या तोंडाशी लावायचा, बांबूच्या कामट्यांचा किंवा काट्याकुट्यांचा आणि गवताचा केलेला दरवाजा, तो झोपा. बैल चोरीला गेला, मग गोठ्याला दार केलं, असं ती म्हण सांगते. तो दरवाजा आता कोणी करत नाही. लोखंडी फाटक आलं, पत्रा आला आणि 'झोपा' हा शब्द त्या म्हणीपुरता उरला. ज्याला झोप वाटली, तो म्हणीचं शब्दशः भाषांतर करील ते चुकीचं, समानार्थी म्हण शोधील ती आळशी माणसाबद्दलची आणि तळटीप लिहील ती तर चूक कायमची छापून ठेवील. म्हणून शब्दशः, समानार्थी म्हण की टीप, या तीन वाटांचा विचार करण्याआधी म्हणीतला प्रत्येक शब्द हाताळून पाहावा लागतो. ओळखीचा वाटणारा शब्द तर जास्तच. अनोळखी शब्द आपण कोशात पाहतो, ओळखीचा पाहत नाही.

झोपा एकदा कळला की या म्हणीचं पुढचं काम सोपं आहे. घोडा पळून गेल्यावर तबेल्याचं दार लावणं, अशी इंग्रजीत म्हण आहेच. जनावर, दार आणि उशीर, तिन्ही जागच्या जागी. असं भाग्य क्वचित लाभतं, आणि लाभलं की नको त्या निष्ठेपायी सोडू नये. मात्र पुढच्याच परिच्छेदात तो शेतकरी पोलीस पाटलाकडे बैलाची वर्दी द्यायला जाणार असेल, तर घोडा चालणार नाही. ही अट पुढे वारंवार येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मराठी म्हणी इंग्रजीत नेण्याचं मोठं काम पूर्वी झालेलं आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापला. आधी देवनागरीत मूळ म्हण, मग तिचं शक्य तितकं शब्दाला धरून भाषांतर आणि जिथे अर्थ उघड होत नाही तिथे थोडक्यात खुलासा, अशी त्याची मांडणी. म्हणी विषयवार लावलेल्या. त्याच्याही आधी मोल्सवर्थच्या कोशात, १८३१च्या आणि मग १८५७च्या आवृत्तीत, शब्दाच्या पोटात म्हणी आलेल्या आहेत. आपल्याकडे पुढे दाते आणि कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' केला, त्याचा पहिला भाग १९४२चा.

मॅनवेअरिंगची पद्धत पाहून पुष्कळ जण म्हणतात, हीच खरी प्रामाणिक पद्धत: शब्द ठेवा, खुलासा द्या. मला ते अर्धंच पटतं. संग्रहात म्हण एकटी उभी असते. तिला बोलणारं कोणी नाही, ऐकणारं कोणी नाही, राग नाही, टोमणा नाही. तिथे वाचक म्हणीचाच अभ्यास करायला आलेला असतो, त्याला शब्द हवे असतात आणि खुलासाही हवा असतो. पण कथेत किंवा कादंबरीत म्हण कोणाच्या तरी तोंडातून, कोणाला तरी उद्देशून, एका विशिष्ट क्षणी बाहेर पडते. संग्रहाची रीत तिथे जशीच्या तशी नेली, तर भांडण ऐन रंगात आलेलं असताना मध्ये उभं राहून कोणी समजावून सांगावं, तसं होतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की भाषांतर म्हणीचं नसतं, ती म्हण त्या तोंडाने त्या वेळी जे काम केलं त्याचं असतं. कुठली वाट धरायची ते त्या कामावरून ठरतं.

आता माझ्या टेबलावरचीच एक गोष्ट सांगते. अमळनेरकडची एक कथा मी हिंदीत करत होते. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं मात्र अहिराणी बोलणारी. एका म्हातारीची कडब्याची गंजी रात्री पेटते. जनावरांचा उन्हाळाभराचा चारा गेला. सकाळी गावातली चार शहाणी माणसं येऊन तिला धीर देतात, गंजी घराच्या एवढी जवळ रचायलाच नको होती, असं सांगतात. म्हातारी ऐकून घेते आणि एकच वाक्य बोलते:

"ज्यानं जयस, त्यालेच कयस."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. अहिराणीत ळ चा य होतो, डोळा तो डोया, काळा तो काया, तसंच जळतं ते जयस आणि कळतं ते कयस. प्रमाण मराठीतही ही म्हण आहे आणि यमकही टिकतं. त्यामुळे इथे पहिला मोह होतो तो 'शुद्ध' करून घेण्याचा. मी प्रमाण मराठी मनात ठेवून पुढे हिंदीत गेले असते, तर कोणाला कळलंही नसतं. पण निवेदकाच्या मराठीत ही अहिराणी ओळ लेखकाने मुद्दाम ठेवली होती. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०७च्या खंडात, खानदेशीला भिल्ली भाषांसोबत जागा दिली आहे, मराठीच्या खंडात नाही. ते वर्गीकरण बरोबर की चूक, यावर विद्वानांनी वाद घालावा. भाषांतर करणाऱ्याने त्यातून एवढं घ्यावं की अहिराणीतून मराठीत येणं म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे. तेही एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणंच आहे.

हिंदीत या अर्थाची पक्की म्हण आहे: जिसके पैर न फटी बिवाई, वह क्या जाने पीर पराई. ज्याच्या पायाला भेगा पडल्या नाहीत, त्याला परक्याची वेदना काय कळणार. अर्थ नेमका तोच, गावचा बाज आहे, यमक आहे, हिंदी वाचकाला आईच्या तोंडून ऐकलेली. मी ती लिहिली आणि पान उलटलं. दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आलं की गंजी विझली होती. म्हातारीच्या म्हणीतला 'जयस' हा नुसता दुःखासाठी वापरलेला शब्द नव्हता. तिच्या पाठीमागे खरोखरची राख होती, धूर अजून निघत होता. म्हणीत जळणं अलंकार म्हणून येतं आणि त्या सकाळी ते शब्दशः खरं होतं. हे दोन्ही एका शब्दात एकत्र आले म्हणून ती चार शहाणी माणसं गप्प झाली. भेगाळलेल्या टाचा आणल्यावर अर्थ राहिला आणि आग गेली. इंग्रजीत करायचं असतं तर अडचण आणखी वाढली असती. बूट कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, अशी तिथली म्हण. जन्मभर अनवाणी शेतात गेलेल्या बाईच्या पायात मी बूट घातले असते.

म्हणून मी पहिली कसोटी ही लावते: म्हणीतली वस्तू त्या प्रसंगात खरोखर हजर आहे का? नसेल तर समानार्थी म्हणीला मोकळीक आहे. असेल तर त्या वस्तूला हात लावायचा नाही. आणि फक्त त्याच पानावर पाहून भागत नाही, मागची आणि पुढची चार पानं पाहावी लागतात.

याच कसोटीची उलटी बाजू 'काखेत कळसा, गावाला वळसा' या म्हणीत दिसते. हिंदीत 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा'. याहून जवळची जोडी शोधून सापडणार नाही. काख आणि बगल, गाव आणि शहर, दोन्हीकडे यमक, दोन्हीकडे जवळच असलेली गोष्ट सोडून भलतीकडे शोध. चष्मा डोक्यावर सरकवून घरभर शोधणाऱ्या मास्तरांना त्यांची बायको हे म्हणत असेल, तर डोळे मिटून छोरा आणि ढिंढोरा घ्यावा. पण शिंदखेड्याच्या कोरडवाहू भागातली उन्हाळ्यातली गोष्ट असेल, बाई कमरेवर भांडं घेऊन या विहिरीवरून त्या विहिरीवर जात असेल आणि शेजारीण तिला ही म्हण ऐकवत असेल, तर मग छोरा कसा चालेल? कळशाबरोबर पाणी आहे, पाण्याबरोबर ती सगळी कथा आहे. तिथे मी कळसा ठेवीन आणि हिंदी वाक्य नव्याने जुळवीन, यमक साधो न साधो.

काही वेळा समानार्थी म्हण अर्थाने बरोबर असते, पण तिचं गावच वेगळं असतं. माझ्याकडे भाषांतर शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हिंदी कथेतल्या 'उल्टे बाँस बरेली को' या म्हणीसाठी 'रावेरला केळी पाठवणं' असं लिहून आणलं. बरेली बांबूसाठी प्रसिद्ध, तिथेच बांबू न्यायचे म्हणजे उलटा उद्योग. रावेर आणि यावल ही केळीची गावं, तिथे केळी पाठवायची म्हणजे तसंच. आमच्या वर्गात सगळे खूश झाले, मीही झाले. मग आम्ही कथा पुन्हा वाचली. बोलणारा माणूस बरेलीजवळच्या गावातला, गंगेच्या मैदानात वाढलेला, त्याने रावेरचं नावही ऐकलं नसेल. त्याच्या तोंडी रावेर आलं की वाचकाला क्षणात कळतं की हा माणूस बोलत नाही, भाषांतरकार बोलतोय. खुद्द बरेली ठेवलं तर मराठी वाचक अडखळेल का? आम्ही वाक्य केलं, 'बांबू पिकतो बरेलीत आणि हा बांबू घेऊन निघाला बरेलीला.' खुलासा वाक्यातच मुरला, तळाला टीप लागली नाही, गावही तिथेच राहिलं. यमक आणि चटका थोडा कमी झाला, हे मान्य. गावांची, नद्यांची, देवांची आणि माणसांची नावं असलेल्या म्हणींना शक्यतो हलवू नये, असं माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालं.

देवाचं नाव आलं की फारच जपावं लागतं. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण घ्या. हिंदीत म्हणतात, मजबूरी में गधे को भी बाप बनाना पड़ता है. गरज आहे, गाढव आहे, लाचारीही आहे. पण तिथे लाचार होणारा तुमच्याआमच्यासारखा कोणीही, आणि इथे प्रत्यक्ष हरी. लोक त्यामागे वसुदेवाची गोष्ट सांगतात: कृष्ण जन्मला तेव्हा गाढव ओरडून पहारेकरी जागे करील म्हणून वसुदेवाने त्याचे पाय धरले. सरकारी कचेरीत तासभर ताटकळलेला माणूस ही म्हण म्हणतो तेव्हा तो स्वतःचा मान राखून वाकत असतो. एवढ्या मोठ्या हरीला जे करावं लागलं, ते मी करतोय. बाप बनवण्याने तो मान जातो. इंग्रजीत मी इथे नाव ठेवते आणि 'देवसुद्धा' असा अर्थ वाक्यात आणते. वसुदेवाची कथा सांगत बसत नाही, कारण मराठी बोलणाऱ्याच्या मनातही त्या क्षणी ती कथा नसते. बोलणाऱ्याला जे आठवत नाही ते वाचकाला सांगायचं नाही, टीप किती लांब लिहायची याचं मोजमाप मला एवढ्यातच सापडतं.

'उंटावरचा शहाणा' इथे हेच मोजमाप वेगळा निकाल देतं. रेडकाचं तोंड रांजणात अडकलं. सल्ला द्यायला शहाणा बोलावला, तो उंटावरून उतरेना म्हणून त्याला आत घ्यायला दारावरची भिंत पाडली. आत येऊन त्याने रेडकाची मान कापायला सांगितली, आणि मग डोकं बाहेर काढायला रांजण फोडायला सांगितला. ही गोष्ट बोलणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही. नुसतं 'उंटावर बसलेला शहाणा' असं इंग्रजीत लिहिलं तर वाचकाला तो एखादा पूज्य साधू वाटेल, म्हणजे अर्थ अगदी उलटा. शब्दशः भाषांतर नुसतं अपुरं पडतं तेव्हा वाचक थांबतो, आपल्याला कळलं नाही हे त्याला कळतं. ते उलटा अर्थ देतं तेव्हा वाचक थांबत नाही, समाधानाने पुढे जातो. ही चूक पकडायला सगळ्यात अवघड. म्हणून इथे मी एक तर 'खाली न उतरता सल्ले देणारा' असं काम करणारं वाक्य घेते, किंवा म्हण कथेत तीनचार वेळा येणार असेल तर पहिल्यांदा एखाद्या पात्राकडून दोन ओळींत गोष्ट सांगवते. लेखक हयात असेल तर त्यांना विचारून. न विचारता पात्राला वाक्यं द्यायचा अधिकार मला नाही.

पैशाच्या म्हणींबद्दल थोडंसंच. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण कळायला आण्याची किंमत माहीत असण्याची गरज नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणा मोडीत गेला, आणि तरी चार व बारा यांचं एकास तीन हे प्रमाण ऐकणाऱ्याला तत्काळ लागू पडतं. तरी मी काही भाषांतरांत आणे मोजून पैशांत बदललेले पाहिले आहेत, पंचवीस पैशांची कोंबडी आणि पंचाहत्तर पैशांचा मसाला. हिशेब अचूक, पण म्हण संपली. इथे शब्दशः हीच वाट, टीप नाही, काही नाही.

टीपेवर माझा राग नाही, हे इथे सांगायला हवं. एका प्रकारच्या म्हणींना मी टीप लावतेच. जातीवरून, बाईवरून, विधवेवरून, अपंगावरून केलेल्या म्हणी आपल्या भाषेत पुष्कळ आहेत, आणि जुन्या संग्रहांत त्या ओळीने उभ्या आहेत. समानार्थी सौम्य म्हण घालून त्या झाकणं सोपं असतं. मग कथेतला पाटील सभ्य होतो आणि त्याने ज्याला दुखावलं तो माणूस उगाच चिडलेला दिसतो. अशी म्हण मी शब्दशः ठेवते, तिचा घाव जिथे आहे तिथेच राहू देते, आणि संग्रह असेल तर ती कोणावर व कशासाठी वापरली जायची हे टीपेत लिहिते. हे लिहिताना हात जड होतो. तरी लिहावं लागतं.

शब्दशः भाषांतराबद्दल एक आशेची गोष्टही आहे. 'एका दगडात दोन पक्षी' आणि 'नक्राश्रू' हे आपल्याकडे इंग्रजीवरून शब्दशः आलेले. आज शाळेतली मुलं 'दोन पक्षी' आपलीच म्हण म्हणून लिहितात. कोणीतरी पहिल्यांदा ते धाडस केलं, तेव्हा कदाचित वाचक हसलेही असतील. ते रुजले, कारण दगड, पक्षी आणि अश्रू टीपेशिवाय दिसतात. रुजणारं भाषांतर कानाला बसतं, छोटं असतं, आणि त्यातली वस्तू नव्या जागी अनोळखी नसते. आपल्या बहिणाबाई चौधरींच्या किती ओळी आज खानदेशात म्हणीसारख्या बोलल्या जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना लिहिता येत नव्हतं, पुस्तक निघालं ते त्यांच्या पश्चात, १९५२ साली. पण ओळी लोकांनी तोंडावर ठेवल्या. त्यामुळे भाषांतर करताना पाहावं लागतं की पात्र म्हण बोलतंय की बहिणाबाईंची ओळ. म्हण असेल तर तिला बदलता येतं. ती ओळ एका कवयित्रीची आहे, तिला बदलता येत नाही.

आता त्या गंजीकडे परत येते. बिवाईची म्हण खोडल्यावर माझ्याकडे शब्दशः हिंदी वाक्य उरलं होतं, 'जिसका जलता है वही जानता है.' अर्थ बरोबर, आग शाबूत. पण ते म्हातारीचं वाक्य नव्हतं, ते कोणाचंच नव्हतं. म्हणीला म्हण करतो तो तिचा कस, म्हणजे कमी शब्द, मध्ये एक ठेका आणि शेवटी जुळणारा आवाज. हे नसलं की ऐकणाऱ्याला ती पिढ्यान्‌पिढ्यांची वाटत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाटली नाही तर ती चार शहाणी माणसं गप्प का झाली हे समजत नाही. दोन दिवस खटपट करून मी लिहिलं, 'जिसका जले, उसी को खले.' खलना म्हणजे सलणं. कळण्याच्या जागी सलणं आलं, हा बदल आहे, आणि तो मी जाणून केला. ही हिंदीतली जुनी म्हण नाही, मी जुळवलेली आहे. कथेत ते चालतं. संग्रहात मी ही हिंदी म्हण म्हणून कधीच दिली नसती.

ती चालते की नाही हे पाहायला मी बऱ्हाणपूरला माझ्या मावशीच्या शेजारणीकडे गेले. फारुकी सुलतानांच्या काळात बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानी होती. आज राज्याची हद्द मध्ये आली, तरी तिथे घरोघर हिंदी, निमाडी आणि मराठी एकाच चुलीपाशी बोलतात. मी त्यांना म्हण सांगितली नाही, अर्थही विचारला नाही. ते अख्खं पान वाचून दाखवलं, म्हातारीच्या वाक्यापाशी न थांबता. कोणी थांबून 'म्हणजे काय?' विचारलं, तर टीप हवी. कोणी हसलं, तर म्हण चुकीच्या जागी लागली. त्या काहीच बोलल्या नाहीत, गहू निवडत राहिल्या.

संध्याकाळी त्यांची सून रेशनच्या रांगेची तक्रार करत होती, आणि समोरची बाई तिला धीराने घ्यायला सांगत होती. तेव्हा शेजारणीने मान वर न करता म्हटलं, "जिसका जले, उसे ही खले."

माझ्या वहीत 'उसी को' होतं. मी ते खोडलं आणि त्यांचं लिहिलं. कथा छापून आली ती त्यांच्या शब्दांनी.